अठरा वर्षं एकाच गेटमधून आत-बाहेर, आता इंटरव्ह्यूत सांगायचं काय?

ताई, मी कळव्याला राहतो, वय 43. रबाळे एमआयडीसीत इंडस्ट्रियल पेंट आणि थिनर बनवणाऱ्या एका कंपनीत 2007 पासून डिस्पॅचला आहे. पद आजही ‘एक्झिक्युटिव्ह, डिस्पॅच’ हेच, पण एक्साइजच्या रजिस्टरपासून ई-इनव्हॉइसपर्यंत सगळं मी केलंय. गेल्या महिन्यात भिवंडीच्या एका वेअरहाउसिंग कंपनीत इंटरव्ह्यू झाला. समोरचा माझ्यापेक्षा बराच लहान. म्हणाला, “एटीन इयर्स, सेम कंपनी? मग बाहेरचं तुम्हाला काय माहीत?” मी म्हटलं, कंपनीशी लॉयल आहे, घरच्यासारखं आहे. तो हसला, ‘कळवतो’ म्हणाला, अजून काही कळवलेलं नाही. मेहुणा म्हणतो सीव्हीत दोन-तीन कंपन्या दाखव, मालकांची दुसरी फर्म आहेच. बायको म्हणते आहे तिथेच राहा, पोरगी दहावीला आहे. सीव्ही सोबत जोडलाय. या अठरा वर्षांचं नेमकं सांगू काय?
– एक वाचक, कळवा

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र मी नंतर वाचलं, आधी सीव्ही उघडला, सवयच आहे ती, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांसाठी माणसं निवडण्यात माझी बरीच वर्षं गेलीयेत. तर चार पानं, पहिल्या पानावर ते नेहमीचं ‘ऑब्जेक्टिव्ह’, मग कंपनीचं नाव, ‘2007 टिल डेट’, आणि त्याखाली कामांची लांबलचक यादी. यादी काही वाईट नाहीये, पण तिच्यात कुठेही साल नाही. म्हणजे ई-वे बिल तुम्ही कधीपासून करताय, रजिस्टर कधी बंद झालं, सॉफ्टवेअर कधी आलं, काहीच कळत नाही. सगळं एकाच वर्तमानकाळात. तो कागद हातात धरून मी जरी तिथे बसले असते ना, तरी मीही तेच विचारलं असतं. कदाचित जरा बऱ्या शब्दांत.

म्हणून पहिली गोष्ट, तो प्रश्न तुम्ही टोमणा म्हणून ऐकलात. बोलायची पद्धत उद्धट होती, मान्य, पण प्रश्न खराच होता. वेअरहाउसवाल्याला तीन धाकधुकी असतात. या माणसाला काम येतं की फक्त त्याच्या कंपनीची पद्धत येते? एकाच साहेबाच्या हाताखाली राहिलेला माणूस दुसऱ्याच्या हाताखाली टिकेल का? आणि इतकी वर्षं न हललेला माणूस आज का हलतोय, तिथे काही बिनसलंय का? यातल्या एकाचंही उत्तर ‘लॉयल आहे’ हे नाही. लॉयल्टी हा तुमचा आणि तुमच्या मालकांचा मामला झाला, त्यांना त्याचं कौतुक असेलही, भिवंडीच्या माणसाला त्यातून गोडाऊन चालवायला काही मिळत नाही. आणि ‘घरच्यासारखं’ म्हटल्यावर तर त्याच्या मनातली दुसरी शंका पक्कीच झाली असणार!

दुसरं म्हणजे तुम्ही स्वतःही धरून चाललाय की अठरा वर्षं एक कंपनी म्हणजे अठरा वर्षं एक नोकरी. डिस्पॅचच्या बाबतीत तरी हे अजिबात खरं नाही, उलट गेल्या दहा-बारा वर्षांत जी काही टेबलं मुळापासून बदलली त्यात डिस्पॅचचं टेबल फार वर येईल. एक काम करा, आज रात्री एक कोरा कागद घ्या आणि त्यावर कामं लिहू नका, तारखा लिहा. ज्या तारखेनंतर कालपर्यंत करत होतात ते तसं करून चालेना, फक्त त्या तारखा.

तुमच्या पत्रावरून आणि सीव्हीवरून मला ज्या दिसतात त्या सांगते, बाकीच्या तुम्हाला आठवतील. 2007 ला लागलात तेव्हा एक्साइजचं राज्य होतं, आरजी-1 मध्ये रोजचा स्टॉक चढवायचा, एक्साइजच्या इनव्हॉइसशिवाय माल गेटबाहेर जायचा नाही, आणि मुंबईत माल पाठवायचा तर गाडी ऐरोली नाहीतर मुलुंड नाक्यावर जकातीला उभी. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि ते रजिस्टर, ती जकात, सगळं एका रात्रीत गेलं. मग ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी पोर्टलवर काढायचा कागद. 1 फेब्रुवारी 2018 ला सुरू व्हायचं होतं, पहिल्याच दिवशी पोर्टल बसलं आणि पुढे ढकललं, शेवटी राज्याबाहेरच्या मालाला 1 एप्रिलपासून आणि महाराष्ट्रातल्या मालाला मे महिन्यात लागू झालं. 2020 चा लॉकडाऊन वेगळाच, ड्रायव्हर गावाला, माथाडी कामगार नाहीत, पास काढून गाड्या सोडायच्या. 1 जानेवारी 2021 ला ई-वे बिलाची मुदत बदलली, आधी 100 किलोमीटरला एक दिवस मिळायचा तो 200 किलोमीटरला एक झाला. आणि तुमच्या कंपनीची उलाढाल 20 कोटींच्या वर आणि 50 कोटींपर्यंत असेल तर 1 एप्रिल 2022 पासून ई-इनव्हॉइस.

आता यातली एकच तारीख घेऊन पुढे जाऊ, कारण इंटरव्ह्यूत पाच तारखांची यादी वाचून काही होत नाही, एक नीट सांगितली तर होतं. ई-इनव्हॉइस घेऊया.

त्याआधी काय चालायचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. बिल चुकलं, म्हणजे शिप-टू पत्ता जुना पडला किंवा पीओ नंबर चुकला, तर गाडी गेटवर असेपर्यंत बिल फाडायचं आणि दुसरं काढायचं, फार तर अकाउंट्सवाला ओरडायचा. ई-इनव्हॉइस आल्यावर बिल पोर्टलवर नोंदवलं जातं, आयआरएन म्हणजे त्या बिलाचा नोंदणी नंबर आणि क्यूआर कोड येतो, आणि एकदा तो आला की त्यात खाडाखोड नाही. चुकलं तर 24 तासांच्या आत आख्खं रद्द करायचं, नाहीतर क्रेडिट नोटच्या भानगडीत पडायचं. म्हणजे चूक पकडायची जागा बदलली. आधी ती गेटवर पकडली तरी चालायचं, आता बटण दाबायच्या आधी पकडावी लागते. आणि ते तुमच्याकडे कोणी बसवलं? सॉफ्टवेअरवाला तर एक दिवस येऊन गेला असेल. सेल्सच्या लोकांना संध्याकाळी साडेसातला पत्ता बदलून देण्यापासून कोणी थांबवलं? ऑर्डर आली की जीएसटी नंबर, पत्ता, पीओ तिथेच तपासायचा, हे कोणाच्या डोक्यातून आलं? ते तुम्ही असाल तर हीच तुमची ग्रोथ आहे दादा, आणि तुमच्या सीव्हीत तिच्यावर ‘प्रिपेअरिंग ई-इनव्हॉइस’ एवढे दोनच शब्द आहेत.

हे लिहिताना चार गोष्टी यायला हव्यात: काय बंद पडलं, सुरुवातीला काय बिघडलं, मी काय बदललं, आणि त्यानंतर कुठला आकडा हलला. दुसरी गोष्ट लोक गाळतात. त्यांना वाटतं, कमीपणा दिसेल. पण नवीन पद्धत आली आणि पहिल्या दिवसापासून सगळं सुरळीत चाललं असं कोणी सांगितलं की मला लगेच कळायचं, हा माणूस तेव्हा त्या टेबलावर नव्हता. पहिल्या महिन्यात आमची इतकी बिलं रद्द झाली, दोन गाड्या रात्रभर उभ्या राहिल्या, हॉल्टिंग पडलं, असं जो सांगतो तो तिथे होता. अ‍ॅडॅप्टेबिलिटी म्हणून जे विचारतात ते हेच, बदल आल्यावर तुम्ही किती दिवस चाचपडलात आणि त्यातून कसे बाहेर आलात.

आकड्यांसाठी घाबरू नका, मोठे आकडे नकोत. अकाउंट्सकडे रद्द झालेल्या बिलांची यादी असते, तिच्यातून 2022 चा मे महिना आणि गेल्या वर्षीचा मे महिना काढा. ट्रान्सपोर्टरच्या बिलांमध्ये हॉल्टिंगची रक्कम वेगळी दिसते. माल पोचल्याची सही केलेली पावती, म्हणजे पीओडी, परत यायला किती दिवस लागायचे आणि आता किती लागतात ते तुमच्याच रजिस्टरमध्ये आहे. मात्र कस्टमरची नावं, रेट, उलाढाल यातलं काही सीव्हीत टाकायचं नाही आणि कंपनीची फाइल स्वतःच्या मेलवर पाठवायची तर मुळीच नाही, आकडा वहीत टिपून घ्या, बास. आणि जो आकडा सापडत नाही तो बनवू नका, पुढचा माणूस “हे कसं मोजलंत?” असं हमखास विचारतो आणि तिथे गडबडलात की बाकीच्या खऱ्या गोष्टीही संशयात येतात.

आता तुमच्या मेहुण्यांचा सल्ला. नका करू. तत्त्वाची गोष्ट बाजूला ठेवली तरी ते पकडलं जातं. बऱ्याच कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करतात, त्यात यूएएनवरची पीएफची सर्व्हिस हिस्टरी बघतात, आणि तिथे कुठल्या आस्थापनेत कोणत्या तारखेला लागलात, कधी सोडलं हे सरळ दिसतं. तुमचा पीएफ एकाच कोडखाली जात असेल आणि सीव्हीत तीन कंपन्या असतील तर ऑफर लेटर हातात येऊनही परत जाईल, आणि तोवर तुम्ही इथला राजीनामा दिलेला असेल. मालकांच्या दुसऱ्या फर्ममध्ये तुमची खरंच बदली झाली असेल, पगार तिकडून निघाला असेल, पत्र असेल, तर ते जरूर लिहा, ती खरी गोष्ट आहे. तिथल्या गाड्या नुसत्या तुम्ही सांभाळत असाल तर ‘ग्रुपच्या दोन फर्मचं डिस्पॅच’ असं याच नोकरीच्या खाली एका ओळीत लिहा, तेही कमी नाही.

पद न बदलल्याचंही तसंच. ‘मॅनेजर’ लिहायचा मोह होईल, काम मॅनेजरचंच करताय म्हणून. पण रिलीव्हिंग लेटरवर जे येणार तेच वर लिहायचं, आणि खाली टप्पे पाडायचे. साधारण असं (हे मराठीत लिहितेय, तुम्ही इंग्रजीत करा, पण साध्या इंग्रजीत):

एक्झिक्युटिव्ह, डिस्पॅच. 2007 पासून आजपर्यंत.
2007 ते 2017: तयार मालाचा स्टॉक आणि एक्साइजची कागदपत्रं, रोजच्या गाड्यांचं लोडिंग.
2017 ते 2021: जीएसटी आणि ई-वे बिलाचं काम डिस्पॅचमध्ये बसवलं, ट्रान्सपोर्टरना ई-वे बिलातला गाडीच्या तपशिलाचा पार्ट-बी भरायला शिकवलं, लॉकडाऊनमध्ये कमी माणसांत डिस्पॅच चालू ठेवलं.
2022 पासून: ई-इनव्हॉइस लागू झाल्यावर बिलाआधीची तपासणी सुरू केली, महिन्याला रद्द होणारी बिलं 14 वरून 3 वर आणली, हाताखाली दोन माणसं.

14 आणि 3 मी नमुन्यासाठी टाकलेत, दोन माणसंही, तिथे तुमचं खरं काय ते येईल. पहिली दहा वर्षं एका ओळीत संपवलीत तरी कोणी रागावणार नाही, शेवटच्या पाच वर्षांना जागा द्या. चार पानांची दोन करा. नोकरीच्या पोर्टलवर मात्र हे टप्पे वेगवेगळ्या नोकऱ्या म्हणून भरू नका, कंपनी एकदाच, पद तेच, टप्पे खालच्या वर्णनात.

अजून एक, तुमच्या सीव्हीत काही शब्द आहेत जे रबाळ्याच्या त्या गेटबाहेर कोणाला कळणार नाहीत. ‘बी-शेड क्लिअरन्स’ म्हणजे काय? ‘पिंक स्लिप रिकन्सिलिएशन’ वाचून तर मी दचकलेच, बाहेर पिंक स्लिप म्हणजे नोकरीवरून काढल्याची चिठ्ठी, मग लक्षात आलं की तुमच्याकडे गुलाबी रंगाची काहीतरी गेटपास स्लिप असणार! जास्त वर्षं एकाच ठिकाणी राहिलं की असं होतं, घरातले शब्द बाहेरचे वाटायला लागतात, आणि वाचणाऱ्याला नेमकी तीच शंका येते की या माणसाला फक्त इथलंच माहीत आहे. सीव्ही एखाद्या दुसऱ्या कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला द्या आणि जे कळलं नाही त्यावर गोल करायला सांगा, मग त्या प्रत्येक गोलाच्या जागी डिस्पॅचमधल्या कोणालाही कळेल असा शब्द घाला. आणि याच्या उलटंही झालंय, जे बाहेर विकलं जाईल तेच तुम्ही लिहिलेलं नाही. थिनर पाठवता ना तुम्ही? म्हणजे ज्वलनशील माल. अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं ट्रेम कार्ड, धोकादायक मालाचं ट्रेनिंग झालेलाच ड्रायव्हर, गाडीवरची लेबलं, हे सगळं तुम्ही रोज बघत असाल आणि रोजचं म्हणून विसरलात. माथाडी बोर्ड, त्यांची लेव्ही, मुकादमाशी बोलणं, हे भिवंडीत गोडाऊन चालवणाऱ्याला सोन्यासारखं आहे, आणि ते बाहेरून आलेल्या एमबीए पोराला येत नाही.

आता बोलायचं काय. ‘इतकी वर्षं एकाच ठिकाणी का’ याचं उत्तर एका मिनिटात संपलं पाहिजे, आणि त्यात तीन गोष्टी हव्यात: काम कसं बदलत गेलं, एक उदाहरण, आणि आता तुमच्याकडेच का. तुमच्या तोंडी बसेल असं लिहून बघते.

“कंपनी एकच, पण काम तीनदा बदललं सर. लागलो तेव्हा एक्साइजची रजिस्टरं होती, 2017-18 मध्ये जीएसटी आणि ई-वे बिल आलं, 2022 मध्ये ई-इनव्हॉइस. प्रत्येक वेळी डिस्पॅचची पद्धत नव्याने बसवायचं काम माझ्याकडे आलं. ई-इनव्हॉइसच्या पहिल्या महिन्यात आमची बरीच बिलं रद्द झाली, कारण चुका शेवटच्या क्षणी कळायच्या. मग मी ऑर्डर घेतानाच तपासणी सुरू केली, त्यासाठी सेल्सशी बरीच वादावादी झाली, पण तीन-चार महिन्यांत ते प्रमाण खूप खाली आलं. आता आमच्याकडे एकच प्लांट, एकाच प्रकारचा माल, त्यात पुढे शिकण्यासारखं थोडं उरलंय. तुमच्याकडे एका छताखाली वेगवेगळ्या क्लायंटचा माल असतो, मला ते काम करायचंय.”

बघा, यात कुठेही सफाई नाही, लॉयल्टी नाही, मालकांची तक्रार नाही. शेवटचं वाक्य प्रत्येक कंपनीला बदलायचं. आणि ‘आम्ही’ जिथे जिथे येतं तिथे थांबून बघा, मराठी माणसाला ‘मी केलं’ म्हणायला लाज वाटते, पण ऐकणाऱ्याला कळत नाही की तुम्ही केलं की तुमच्या साहेबांनी केलं. हे उत्तर हिंदीतही बोलून बघा, भिवंडीत इंटरव्ह्यू अर्धा हिंदीत होतो. इंग्रजीत पाठ करू नका, मध्येच अडकलात तर धागा सापडत नाही.

यानंतर तो खणणारच. “तुम्ही म्हणता ई-वे बिल बघता, मग गाडी वाटेत बंद पडली तर?” हा प्रश्न म्हणजे तुमचा दिवस उजाडला. रबाळ्याहून इंदूर साधारण साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर, जुन्या नियमाने सहा दिवस मिळायचे, 2021 नंतर तीनच. सेंधव्याला गाडी बंद पडली तर मुदत संपायच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर एवढ्यातच वाढवता येते, गाडी बदलली तर पार्ट-बी अपडेट करायचा, म्हणून लांबच्या गाड्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी फोन जातोच, असं तुम्ही बोललात की समोरच्याचा ‘बाहेरचं काय माहीत’ हा प्रश्न तिथेच मिटतो. ई-वे बिलाच्या मुदतीचा नियम आख्ख्या देशाला एकच आहे.

दुसरा खणणारा प्रश्न साहेबांबद्दल येईल, विशेषतः समोरचा लहान असेल तर. अठरा वर्षांत तुमचे साहेब किती बदलले? मालकांचा मुलगा आला असेल, फॅक्टरी मॅनेजर दोन-तीन तरी झाले असतील. प्रत्येकाची पद्धत वेगळी असणार, एकाला सगळं फोनवर, एकाला सगळं मेलवर. आणि पोर्टल तुम्हाला कोणी शिकवलं? बहुतेक अकाउंट्समधल्या कुठल्यातरी पंचविशीतल्या मुलीने. ते सांगा. ‘लहान साहेब चालेल’ असं नुसतं म्हणण्यापेक्षा ‘मला ई-इनव्हॉइस माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलीने शिकवलं, आठवडाभर रोज संध्याकाळी तिच्या शेजारी बसायचो’ हे ऐकल्यावर पुढे काही विचारावं लागत नाही. अर्थात तसं झालं असेल तरच.

आता जे नाहीये त्याबद्दल. तुम्ही सीव्हीत ‘सॅप नॉलेज’ लिहिलंय आणि अनुभव मात्र टॅलीचा आणि कंपनीच्या जुन्या सॉफ्टवेअरचा. ते काढा. सॅपवर काम केलेला माणूस एकच प्रश्न विचारेल, डिलिव्हरी कुठे बनवता, आणि VL01N हे ज्याच्या तोंडून पटकन येत नाही त्याने सॅप बघितलेलं नाही हे त्याला लगेच समजतं. त्याऐवजी त्यामागचा ओघ समजून घ्या, तो तुम्हाला येतोच: आधी ऑर्डर म्हणजे VA01, मग डिलिव्हरी म्हणजे VL01N, माल बाहेर पडल्याची नोंद, मग बिल म्हणजे VF01. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये याच पायऱ्या वेगळ्या नावाने आहेत. मग सरळ म्हणा, “सॅपवर काम केलेलं नाही, पण ऑर्डर ते बिल हा पूर्ण ओघ मी दोन सॉफ्टवेअरवर केलाय, आणि एकावरून दुसऱ्यावर जाताना स्टॉक जुळवायचं कामही माझ्याकडे होतं.” हे शेवटचं तुमच्या सीव्हीच्या तिसऱ्या पानावर तळाशी पडलंय, ते वर घ्या, नवीन सिस्टिम शिकू शकतो याचा याहून चांगला पुरावा तुमच्याकडे नाही.

वेअरहाउसिंगमध्ये मात्र एक गोष्ट खरंच वेगळी आहे आणि ती तुम्ही जाण्याआधी समजून घ्यायला हवी, कारण ‘कुठेही अ‍ॅडजस्ट होईन’ या वाक्याला काही किंमत नाही. तुमच्याकडे माल कंपनीचा, निर्णय फोनवर होतो, ‘सोड गाडी, बिल नंतर’ असंही कधी होत असेल. तिथे माल क्लायंटचा असतो, हँडहेल्ड स्कॅनरने बीप केल्याशिवाय एक बॉक्स हलत नाही, ठरलेल्या वेळेनंतर आलेली ऑर्डर दुसऱ्या दिवशी, आणि स्टॉक कमी निघाला तर पैसे गोडाऊनवाल्याने भरायचे असाच करार बहुतेक असतो. तुमचा फोनवर काम उरकायचा हात तिथे पहिल्या महिन्यात अडचणीचा ठरू शकतो. हे तुम्हाला माहीत आहे हे दाखवायचं असेल तर शेवटी “काही विचारायचंय का?” म्हणतात तेव्हा विचारा, एका छताखाली किती क्लायंट आहेत, ऑर्डरचा कट-ऑफ किती वाजता, स्टॉकची मोजणी रोज थोडी थोडी होते की वर्षातून एकदा. या प्रश्नांवरून समोरच्याला कळतं की हा माणूस डोक्याने आधीच इथे आलेला आहे. शक्य असेल तर भिवंडीत किंवा तळोज्याकडे ओळखीच्या कोणाच्या गोडाऊनमध्ये एखादा शनिवार उभे राहून बघून या, कोणी नाही म्हणत नाही.

वहिनींचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. दहावीचं वर्ष आहे, आणि कळवा-रबाळे हा प्रवास कळवा-भिवंडीपेक्षा कितीतरी सोपा आहे, माजिवड्यापासून पुढे रोज काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण शोधणं आणि सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्चपर्यंत सीव्ही नीट करा, दोन-चार इंटरव्ह्यू द्या, तुमच्या 2007 च्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस पिरियड किती आहे ते काढून बघा (बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि ‘कधी जॉइन कराल’ला चुकीचं उत्तर देऊन बसतात). तोवर परीक्षा होऊन जाईल.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडंसं. अकाउंट्सवाल्यांना तारखा काढणं सोपं आहे, व्हॅटपासून जीएसटीपर्यंत सगळं सरकारने काढूनच दिलंय. क्यूसी लॅबमधल्यांनी मशीन आणि ऑडिट यांच्या तारखा काढाव्यात, वहीतली रीडिंग्ज संगणकावर कधी गेली, कुठल्या ऑडिटनंतर पद्धत बदलली. ज्यांना खरंच प्रमोशनं मिळालीत त्यांनी कंपनी एकदा आणि पदं तारखांसकट वेगवेगळी लिहावीत. आणि कागद घेऊन बसल्यावर ज्यांना 2019 नंतर एकही तारीख सापडत नाही त्यांना मी खोटा धीर देणार नाही, तिथे समोरच्याची शंका बरोबर आहे. त्यांनी लगेच अर्ज करण्याआधी आहे त्याच कंपनीत तीन-चार महिने काहीतरी अंगावर घ्यावं, ट्रान्सपोर्टरच्या रेटची तुलना असो, दर महिन्याची स्टॉक मोजणी असो, जे कोणी करत नाहीये आणि ज्याचा आकडा निघतो असं. साहेब सहसा नाही म्हणत नाहीत, फुकटात होतंय म्हटल्यावर!

शेवटी, त्या भिवंडीवाल्यांचं दार अजून बंद झालेलं नाही असं धरून एक मेल टाका. जागा भरली असेल तर कळेल, नसेल तर नवा सीव्ही त्यांच्याकडे जाईल. मजकूर एवढाच: “सर, गेल्या महिन्यात डिस्पॅचच्या जागेसाठी भेटलो होतो. तुम्ही बाहेरच्या अनुभवाबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर मी तेव्हा नीट दिलं नाही. जीएसटी, ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस या तिन्ही वेळी डिस्पॅचमध्ये मी काय बदललं ते सोबतच्या सीव्हीत तारखांसकट दिलंय. जागा अजून असेल तर पुन्हा भेटायला आवडेल.” एकदाच पाठवा, आठवडाभर वाट बघा, आणि उत्तर आलं नाही तर परत फोन करत बसू नका, सीव्ही तयार आहेच, तो तळोज्याला, पनवेलला, उरणकडच्या गोडाऊनवाल्यांना पाठवायला लागा, फक्त शेवटचं ‘तुमच्याकडेच का’ हे वाक्य प्रत्येक वेळी नव्याने लिहा.